मित्राचा रेझ्युमे भरती करणाऱ्या मॅनेजरकडे पाठवताना: शिफारशीचा अंतर्गत मेल कसा लिहावा

चाकण, रांजणगाव किंवा तळेगावच्या एखाद्या कारखान्यात तुमची नोकरी कायम झाली की जुन्या मित्रांचे फोन सुरू होतात. "तुमच्याकडे काही निघालं तर सांग रे," एवढेच बहुतेकांचे म्हणणे असते. मग एक दिवस खरोखरच मित्राच्या कामाशी जुळणारी जागा निघते, तो रेझ्युमे पाठवतो आणि तुम्ही संगणकासमोर बसून ठरवू लागता की मॅनेजरला नेमके काय लिहायचे. फार कौतुक केले तर वशिला वाटेल आणि नुसता रेझ्युमे पुढे ढकलला तर तो इतर पन्नास रेझ्युमेंमध्ये पडून राहील, अशी ही अडचण असते.

भरतीच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. मित्रांचे रेझ्युमे मी पाठवले आहेत आणि सहकाऱ्यांनी पाठवलेले रेझ्युमे निवड समितीत बसून वाचलेही आहेत. त्या अनुभवावरून हा क्रम लिहितो आहे. समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात सप्लायर क्वालिटी इंजिनीअरची, म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी सांभाळणाऱ्या अभियंत्याची जागा निघाली आहे. मित्र नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका ॲल्युमिनियम डाय-कास्टिंग कंपनीत क्वालिटी इंजिनीअर आहे आणि पूर्वी तुम्ही दोघे तिथे एकाच विभागात काम केले आहे. माणसांची आणि कंपन्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

१. जागा खरोखर मंजूर आहे का, ते आधी पाहावे

कँटीनमध्ये ऐकलेली जागा आणि मंजूर झालेली जागा यांत बराच फरक असतो. एखाद्याने राजीनामा दिला की "त्याची जागा भरणार" अशी चर्चा सुरू होते, परंतु विभागाने मनुष्यबळाच्या मागणीचा अर्ज भरून त्यावर प्लांट हेडची आणि एचआरची सही होईपर्यंत भरती सुरू होत नाही. सही झाली की त्या मागणीला एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक तुमच्या मेलच्या विषयात असला पाहिजे, कारण एकाच वेळी क्वालिटी विभागात तीन जागा निघालेल्या असू शकतात आणि क्रमांक नसलेला रेझ्युमे भलत्याच जागेच्या फाइलमध्ये जाऊन बसतो.

बऱ्याच कंपन्यांत बाहेरच्या उमेदवारांआधी काही दिवस जागा फक्त आतल्या कर्मचाऱ्यांसाठी खुली ठेवतात. ती मुदत चालू असेल तर थांबावे. दुसऱ्या लाइनवरचा एखादा सहकारी त्याच जागेसाठी अर्ज करत असताना तुम्ही बाहेरच्या मित्राचे नाव पुढे केले, तर ते मॅनेजरलाही अवघड होते आणि त्या सहकाऱ्यालाही ते कळल्यावाचून राहत नाही.

जागा कोणाच्या हाताखाली आहे हेही नीट विचारून घ्यावे. आपल्या उदाहरणात सप्लायर क्वालिटी हा विभाग प्लांटच्या क्वालिटी हेडकडे नसून खरेदी विभागाच्या प्रमुखाकडे असू शकतो, आणि दोन्ही रचना आपल्याकडे पाहायला मिळतात. मेल ज्याच्या हाताखाली माणूस काम करणार आहे त्याला जावा आणि त्याची प्रत भरती पाहणाऱ्या एचआर अधिकाऱ्याला जावी.

२. मेलच्या आधी पोर्टल

कर्मचाऱ्यांनी सुचवलेल्या उमेदवारांची, म्हणजे संदर्भांची, नोंद करण्यासाठी कंपनीत पोर्टल किंवा ठरलेला अर्ज असेल तर मित्राचे नाव प्रथम तिथे नोंदवावे आणि मगच मॅनेजरला मेल करावा. हा क्रम उलटला की सगळ्यात जास्त घोळ होतो. तुम्ही मॅनेजरला मेल करता, त्यांना रेझ्युमे आवडतो, ते तो एचआरकडे पाठवतात, आणि एचआरच्या नोंदीत तो उमेदवार थेट मॅनेजरकडून आलेला म्हणून चढतो. नंतर तुम्ही संदर्भ नोंदवायला गेलात की उमेदवार आधीच नोंदवलेला असल्याचा संदेश येतो.

याच कारणासाठी मित्राला एक प्रश्न आवर्जून विचारावा: या कंपनीसाठी तुझा रेझ्युमे एखाद्या कन्सल्टन्सीने आधीच पाठवला आहे का? नोकरीच्या संकेतस्थळावर रेझ्युमे टाकलेला असेल तर असे फोन रोज येतात आणि माणूस "हो, पाठवा" म्हणून विसरून जातो. कन्सल्टन्सीने पाठवलेला उमेदवार ठरावीक काळ, बहुधा सहा महिने, त्यांच्या नावावर राहतो आणि निवड झाली तर कंपनीला त्यांची फी द्यावी लागते. असे असेल तर तुमची शिफारस बाद होत नाही, पण ती शिफारस म्हणूनच राहते. संदर्भातून निवड झाल्यावर कंपनी देते त्या बक्षिसाचा दावा त्यावर करू नये आणि ही वस्तुस्थिती मेलमध्ये एका वाक्यात लिहावी.

३. मित्राशी होणारे बोलणे

रेझ्युमे व्हॉट्सॲपवर आला म्हणजे तो पुढे पाठवायची परवानगी मिळाली असे समजू नये. कोणत्या जागेसाठी, कोणाला आणि काय लिहून पाठवणार आहात हे सांगून स्पष्ट होकार घ्यावा, आणि तो लेखी असावा. "हो, या जागेसाठी पाठव" एवढा मेल पुरतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आल्यापासून कंपन्यांच्या एचआर विभागांत उमेदवाराच्या संमतीविषयी जागरूकता वाढली आहे आणि काही पोर्टलांवर संमतीची खूण केल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नाही.

त्याच बोलण्यात नोटीसचा काळ किती आहे, चाकणला यायची घरची तयारी आहे का, आणि सध्याच्या कंपनीत कोणाला याची कल्पना आहे का, हेही विचारून घ्यावे. शेवटचा मुद्दा नाजूक आहे. अंबड, भोसरी आणि चाकण येथील क्वालिटीची माणसे एकमेकांना ओळखतात, ग्राहकांच्या ऑडिटमध्ये भेटतात. मॅनेजरने सहज म्हणून मित्राच्या साहेबांना फोन केला तर मित्राची असलेली नोकरी अडचणीत येऊ शकते. म्हणून "सध्याच्या कंपनीशी आताच संपर्क करू नये" ही विनंती मेलमध्ये स्पष्ट शब्दांत असावी.

आमच्या क्षेत्रातला आणखी एक सापळा नवख्यांना माहीत नसतो. मित्राची कंपनी तुमच्या कंपनीची पुरवठादार किंवा ग्राहक आहे का, ते तपासावे. एकमेकांची माणसे परस्पर घ्यायची नाहीत असे अनेक ठिकाणी करारात लिहिलेले असते, नाहीतर तोंडी ठरलेले असते. शिवाय ज्या पुरवठादाराचा माल तपासायचा तिथूनच काल आलेला माणूस तपासणीला बसवावा का, हा हितसंबंधांचा प्रश्न वेगळाच. असा संबंध असेल तर मॅनेजरला मेल करण्यापूर्वी एचआरला विचारावे आणि त्यांचा होकार आल्यावरच पुढे जावे.

पगाराचे आकडे मात्र तुम्ही घेऊच नयेत. सध्याचा पगार आणि अपेक्षा मित्र स्वतः एचआरला सांगेल. तुमच्या मेलमध्ये तो आकडा आला की बोलणी तिथूनच सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना वाटत राहते की तुम्ही दुसऱ्या बाजूने बोलता आहात.

४. हाताशी काय असावे

मेल लिहायला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी समोर असाव्यात:

- जागेचे कामाचे वर्णन आणि मागणी क्रमांक
- मित्राचा अद्ययावत रेझ्युमे, पीडीएफ स्वरूपात
- मित्राच्या संमतीचा मेल
- पोर्टलवरील नोंदीचा क्रमांक
- कंपनीचे संदर्भ-धोरण, विशेषतः नातेवाईक आणि हितसंबंध यांविषयीचा भाग

आधार कार्ड, पॅन, पगाराच्या स्लिपा आणि अनुभवाची प्रमाणपत्रे यांतले काहीही या टप्प्यावर लागत नाही. मित्राने सगळे एकत्र करून पाठवले असेल तरी ते पुढे पाठवू नये. निवड झाल्यावर एचआर ते थेट त्याच्याकडून मागवते.

५. रेझ्युमे वाचावा, पण स्वतः दुरुस्त करू नये

कामाचे वर्णन एका बाजूला आणि रेझ्युमे दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न् ओळ वाचावी. आपल्या उदाहरणात वर्णनात लिहिले आहे की उमेदवाराने पुरवठादारांच्या पीपीएपी फाइली तपासून मंजूर केलेल्या असाव्यात. पीपीएपी म्हणजे नवा भाग नियमित उत्पादनात घेण्यापूर्वी पुरवठादाराने ग्राहकाला द्यायचा पुराव्यांचा संच. त्यात ड्रॉइंगपासून मोजमापांच्या नोंदी, कंट्रोल प्लॅन आणि प्रक्रियेच्या क्षमतेच्या अभ्यासापर्यंत एकूण १८ घटक असतात. मित्राच्या रेझ्युमेत "पीपीएपीचा अनुभव" असे दोनच शब्द आहेत. तुम्हाला माहीत आहे की त्याने अशा फाइली तयार करून ग्राहकांकडून मंजूर करून घेतल्या आहेत, म्हणजे तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होता. पुरवठादाराकडून आलेली फाइल नाकारण्याचा किंवा अटीवर मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे कधी नव्हता.

रेझ्युमेतली ओळ खोटी नाही, पण वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. अशा वेळी मित्राला फोन करून ती ओळ नेमकी करायला सांगावी: "ग्राहकांना सादर करण्यासाठी पीपीएपी फाइली तयार केल्या." तुम्ही स्वतः फाइल उघडून बदल करू नये, कारण रेझ्युमेखाली नाव त्याचे आहे आणि मुलाखतीत त्या प्रत्येक शब्दाचे उत्तर त्यालाच द्यायचे आहे.

नोकऱ्यांच्या तारखा महिना आणि वर्ष यांसह आहेत का, तेही पाहावे. नुसते "२०२१–२०२३" लिहिले की मधला खंड झाकला जातो आणि पार्श्वभूमी पडताळणीत तो हमखास बाहेर येतो. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली असते आणि पडताळणी करणाऱ्या संस्था ती पाहतात. मित्राच्या वडिलांच्या आजारपणामुळे त्याला काही महिने घरी बसावे लागले असेल, तर तो खंड रेझ्युमेत सरळ दिसू द्यावा.

जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, जात, फोटो आणि घरचा पूर्ण पत्ता या गोष्टी जुन्या नमुन्याच्या रेझ्युमेत अजून असतात. त्या काढून टाकायला सांगाव्यात. फाइलचे नावही पाहावे. "नवीन रेझ्युमे फायनल २" अशा नावाची फाइल मॅनेजरच्या संगणकावर दुसऱ्या दिवशी सापडत नाही, म्हणून उमेदवाराचे नाव आणि पद एवढेच नाव द्यावे.

६. पाहिलेले, ऐकलेले आणि माहीत नसलेले

प्रामाणिक शिफारशीचे खरे काम या टप्प्यावर होते. एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात तुम्ही त्याच्यासोबत काम करताना स्वतः पाहिलेल्या गोष्टी, दुसऱ्यात इतरांकडून किंवा त्याच्याकडून ऐकलेल्या आणि तिसऱ्यात तुम्हाला माहीत नसलेल्या. मेलमध्ये स्तुती फक्त पहिल्या रकान्यातून घ्यावी. दुसरा रकाना शक्यतो वापरूच नये. तिसऱ्यातील मोठी गोष्ट मात्र आवर्जून सांगावी.

पहिल्या रकान्यातही "मेहनती", "हुशार", "सगळ्यांशी जमवून घेणारा" असे शब्द येऊ लागतात. निवड समितीत बसल्यावर हे शब्द दिसतच नाहीत, कारण प्रत्येक मेलमध्ये तेच असतात. त्याऐवजी एक प्रसंग शोधावा, ज्यात अडचण काय होती, मित्राने काय केले आणि त्यातून काय बदलले, हे चार-पाच वाक्यांत सांगता येईल. आपल्या उदाहरणातील मित्राचा प्रसंग असा आहे.

पंपाच्या हाउसिंगच्या लीक टेस्टमध्ये एका आठवड्यात रिजेक्शन अचानक वाढले. भाग कास्टिंगचा असल्यामुळे धातूत छिद्रे राहिली असणार असे म्हणून सगळ्यांनी फाउंड्रीकडे बोट दाखवले. मित्राने रिजेक्ट झालेल्या प्रत्येक भागावर तो कोणत्या स्टेशनवर तपासला गेला हे खडूने लिहायला लावले. जवळपास सगळे भाग दोन नंबरच्या स्टेशनवरचे निघाले. त्याने त्यांतील १२ भाग एक नंबरवर पुन्हा तपासले आणि १० पास झाले. दोन नंबरच्या फिक्स्चरचे रबर सील झिजले होते आणि हवा भागातून न जाता सीलमधून जात होती. यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे आधी का कळले नाही, हेही त्याने शोधले. चांगल्या नमुना-भागाची तपासणी शिफ्टच्या सुरुवातीला फक्त एक नंबरवर व्हायची. त्याने तपासणीचा तक्ता बदलून ती दोन्ही स्टेशनांवर सुरू करवली.

सप्लायर क्वालिटीच्या मॅनेजरला यातून जे कळते ते विशेषणांतून कळत नाही. पुरवठादाराकडे गेल्यावर हा माणूस पहिल्या कारणावर न थांबता पुढे जातो, एवढे त्यांना समजते आणि मुलाखतीत विचारायला धागाही मिळतो.

आता मर्यादा. कामाशी संबंध असलेली एक किंवा दोन मर्यादा लिहाव्यात आणि त्या खऱ्या असाव्यात. "तो फारच परिपूर्णतेच्या मागे लागतो" असली मर्यादा कोणी मनावर घेत नाही. आपल्या मित्राने पीपीएपी मंजूर करणाऱ्याच्या भूमिकेत काम केलेले नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे त्याचे लेखी अहवाल उशिरा येतात. शॉपवर काम झालेले असते, कारण सापडलेले असते, पण दोषाचे कारण आणि त्यावरचा उपाय मांडणारा एट-डी अहवाल ग्राहकाला पाठवायच्या दिवशीही अर्धवट असतो. ही गोष्ट मॅनेजरला आधी सांगितली तर ते त्याला तशी सवय लावू शकतात. दोन महिन्यांनी ग्राहकाच्या तक्रारीतून कळली तर ते प्रथम तुम्हालाच आठवतील.

घरचे आजारपण, लग्न, कर्ज, राजकीय मते, मद्य घेतो की नाही अशा गोष्टी मर्यादा म्हणूनही लिहू नयेत आणि सहानुभूती मिळवण्यासाठीही लिहू नयेत. "घरी फार गरज आहे हो त्याला" हे वाक्य वाचले की समितीतल्या माणसाला वाटते की कामाविषयी सांगण्यासारखे काही उरलेले नाही.

रकाने भरल्यावर कधी असेही दिसते की पहिला रकाना जवळजवळ रिकामाच आहे. कॉलेजमध्ये एका बाकावर बसलो, पण एकत्र काम कधी केले नाही. तेव्हा शिफारस न करता नुसती ओळख करून द्यावी: "हे माझे कॉलेजचे मित्र आहेत, त्यांचे काम मी पाहिलेले नाही, रेझ्युमे जागेशी जुळतो असे वाटल्याने पाठवतो आहे." यात कमीपणा काही नाही. पण एकत्र काम केले आहे आणि पुन्हा त्याच्यासोबत काम करायची तुमची तयारी नाही, असे असेल तर रेझ्युमे पाठवू नये. मित्राला कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट अर्ज करायला सांगावे आणि आपण शिफारस करणार नाही हे त्याला स्वच्छ सांगावे. पाठवतो म्हणून टाळत राहणे सर्वांत वाईट, कारण तो तुमच्या भरवशावर दुसरीकडे अर्ज करायचा थांबतो.

७. मेल

मेल एका पडद्यावर मावेल इतका असावा. मॅनेजर तो बहुधा शॉपवरून परत येताना मोबाइलवर वाचतात. तुमच्या कार्यालयात पत्रव्यवहार इंग्रजीत होत असेल तर भाषा बदलावी, पण क्रम हाच ठेवावा: नाते, पाहिलेले काम, मर्यादा, माहीत नसलेले.

> विषय: कर्मचारी संदर्भ – सप्लायर क्वालिटी इंजिनीअर – मागणी क्र. … – (उमेदवाराचे नाव)
>
> सर,
>
> आपल्या विभागातील वरील जागेसाठी (उमेदवाराचे नाव) यांचा रेझ्युमे त्यांच्या संमतीने सोबत जोडला आहे. पोर्टलवर त्यांची नोंद आज केली असून नोंद क्र. … आहे. ते माझे मित्र आहेत आणि २०१८ ते २०२१ या काळात आम्ही नाशिकमधील एकाच कंपनीच्या क्वालिटी विभागात काम केले आहे. त्यांची निवड झाल्यास कंपनीच्या धोरणानुसार मला संदर्भ-बक्षीस मिळू शकते, हेही नमूद करतो.
>
> त्या काळात पंप हाउसिंगच्या लीक टेस्टमधील रिजेक्शन अचानक वाढले होते आणि दोष कास्टिंगचा आहे असे आम्ही सर्व जण धरून चाललो होतो. त्यांनी रिजेक्ट भागांची स्टेशननिहाय विभागणी करून, भाग दुसऱ्या स्टेशनवर पुन्हा तपासून, दोष फिक्स्चरच्या सीलमध्ये असल्याचे दाखवले. नंतर नमुना-भागाच्या तपासणीचा तक्ता बदलून घेतला. कारण शोधण्याची त्यांची ही पद्धत मी अनेकदा जवळून पाहिली आहे.
>
> या जागेच्या दृष्टीने दोन मर्यादा मला दिसतात. पीपीएपी फाइली त्यांनी तयार केल्या आहेत, परंतु पुरवठादारांच्या फाइली मंजूर करण्याचे काम केलेले नाही. तसेच, त्यांचे लेखी अहवाल वेळेवर येण्यासाठी पाठपुरावा करावा लागत असे.
>
> २०२१ नंतरचे त्यांचे काम मी पाहिलेले नाही. रेझ्युमेतील मधल्या खंडाविषयी ते स्वतः सांगतील. त्यांच्या सध्याच्या कंपनीशी आताच संपर्क करू नये, ही त्यांची विनंती आहे. आपल्याला आवश्यक वाटल्यास मी फोनवर बोलू शकेन.
>
> आपला,
> (नाव, विभाग, अंतर्गत फोन क्रमांक)

पहिल्याच परिच्छेदात मैत्री आणि बक्षीस यांचा उल्लेख काहींना खटकतो. माझे मत असे की ते तिथेच हवे. वाचणारा पुढचा मजकूर त्या मापाने तोलून घेतो आणि नंतर "हे सांगितलं नव्हतं" असे म्हणायला जागा उरत नाही. मित्र नात्यातला असेल, चुलत-मावसभाऊ किंवा मेहुणा, तर "मित्र" लिहून चालणार नाही. नाते नेमके लिहावे, कारण नातेवाइकांसाठी कंपनीचे नियम वेगळे असतात.

मर्यादा लिहिलेल्या आहेत हे मित्राला आधी सांगावे का? सांगावे. मेल दाखवायची गरज नाही, पण "अहवालांच्या उशिराबद्दल मी लिहिलं आहे, मुलाखतीत विचारतील" एवढे सांगितले की तो तयारीने जातो.

८. पाठवण्यापूर्वी

मित्राचा मेल तसाच फॉरवर्ड करू नये. नवा मेल उघडून रेझ्युमे जोडावा. फॉरवर्ड केलेल्या मेलच्या खाली तुम्हा दोघांचा सगळा पत्रव्यवहार लटकत जातो. "तुझ्या त्या साहेबांना जरा गोड बोलून सांग, आत्ताची कंपनी सोडायचीच आहे" ही ओळ मॅनेजरच्या पडद्यापर्यंत पोहोचलेली मी समितीत बसून वाचली आहे. उमेदवार चांगला होता, परंतु मुलाखतीचा पहिला प्रश्न त्या ओळीवरूनच आला.

आउटलुकमध्ये नावाची पहिली तीन अक्षरे टाइप केली की पत्ता आपोआप भरला जातो. पाटील, कुलकर्णी, शिंदे, जाधव ही आडनावे प्रत्येक प्लांटमध्ये डझनाने असतात. पत्त्यावर कर्सर नेऊन विभाग तपासावा. पूर्ण विभागाच्या गटाला मेल गेला तर मित्राच्या नोकरी बदलण्याची बातमी संध्याकाळपर्यंत नाशिकला पोहोचते. मित्राला मेलची प्रत ठेवू नये, आणि त्याच्याशी होणारा पत्रव्यवहार त्याच्या सध्याच्या कंपनीच्या मेलवर करू नये. शेवटी जोडलेली फाइल एकदा उघडून पाहावी, की दुरुस्त केलेलीच प्रत जोडली गेली आहे.

९. पाठवल्यानंतर

यापुढे बाजूला व्हावे. आठ-दहा दिवसांत काहीच कळले नाही तर एचआरला एकदा विचारावे. मॅनेजरला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये गाठून विचारू नये. मुलाखतीच्या समितीत तुमचे नाव आले तर तुम्ही संदर्भ दिला असल्याचे सांगून बाजूला होण्याची विनंती करावी. समितीत कोण आहे, प्रश्न कोणते विचारतात, इतर उमेदवार किती आहेत, हे मित्राला पुरवू नये. कंपनी काय बनवते आणि हे काम साधारण कसे असते, एवढे सांगायला हरकत नाही.

मॅनेजरचा फोन आला तर मेलमध्ये आहे तेच सांगावे. फोनवर आवाज खाली करून "अहवालांचं मी जरा जास्तच लिहिलं" असे म्हणू नये, तसेच मेलमध्ये नसलेली नवी तक्रारही काढू नये. दरम्यान रेझ्युमेत काही चुकीचे असल्याचे तुम्हाला कळले, समजा मित्राने सांगितलेले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र प्रत्यक्षात पूर्ण झालेले नाही, तर आधी मित्राला एचआरला कळवायला सांगावे. त्याने दोन दिवसांत कळवले नाही तर पहिल्याच मेलच्या उत्तरात, एचआरला प्रत ठेवून, तुम्ही कळवावे.

निवड झाली नाही तर मॅनेजर कधीकधी कारण तुम्हाला सांगतात. ते मित्रापर्यंत शब्दशः नेऊ नये. निर्णय एचआरने त्याला कळवू द्यावा. त्याला उपयोगी पडेल असे काही असेल, जसे की पुरवठादारांच्या ऑडिटचा अनुभव कमी पडला, तर ते सांगायला मॅनेजरची परवानगी घ्यावी. एचआरकडून काहीच कळवले गेले नाही, असेही बरेचदा होते. त्या वेळी मित्राला ताटकळत ठेवण्यापेक्षा एचआरला एकदा विचारून "या वेळी नाही झालं" एवढे सांगून टाकावे.

निवड झाली तर बक्षीस लगेच मिळत नाही. बहुतेक कंपन्या उमेदवार रुजू होऊन ठरावीक काळ टिकल्यावर, अनेकदा ९० दिवसांनी किंवा तो कायम झाल्यावर, ही रक्कम पगारासोबत देतात आणि पगाराचाच भाग म्हणून तिच्यावर आयकर कापला जातो. मधल्या काळात तुम्ही स्वतः राजीनामा दिला तर ती बहुधा मिळत नाही. हा नियम धोरणात आधीच वाचून ठेवावा.